‘गोल्डन अवर’ लिहिलं की अख्खं चित्र नारिंगी होतं: प्रकाशाचं वर्णन कुठे बिघडतं आणि ते कसं सावरायचं

एआय मॉडेलला प्रॉम्प्ट, म्हणजे शब्दांत लिहिलेली सूचना, देऊन चित्रं तयार करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येतेच, आणि एकदा सुटली असं वाटलं तरी पुढच्या चित्रात ती परत येते. आपण आधी प्रसंग लिहितो. मग त्याला भाव यावा म्हणून शेवटी प्रकाशाची दोन-तीन नावं जोडतो: गोल्डन अवर, रिम लाइट, सॉफ्ट विंडो लाइट. चित्र येतं ते नारिंगी रंगाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं. भिंती नारिंगी, कागद नारिंगी, सावल्याही नारिंगी. माणसाच्या भोवती दोन्ही बाजूंनी चकाकती रेघ असते, जणू कात्रीने कापून चिकटवलंय. चेहरा मात्र समोरून कुणी सपाट उजेड टाकल्यासारखा कोरा दिसतो. मग आपण आणखी एक शब्द घालतो, बहुतेक वेळा ‘सिनेमॅटिक’, आणि गुंता वाढतो.

यावरचा उपाय शब्द वाढवण्यात नाही. ही तीन नावं तीन वेगवेगळे प्रकाश मागतात आणि आपण ते एकाच खोलीत कोंबतो, हे मूळ दुखणं आहे. एकाच उजेडातून हे तिन्ही परिणाम मिळवता येतात. पण त्यासाठी नावांऐवजी तो उजेड येतो कुठून, वाटेत कशाला भेटतो आणि कुठे पडतो, हे लिहावं लागतं. एक चित्र शेवटपर्यंत तडीस नेऊन ते दाखवतो.

## बिघडलेलं चित्र

प्रसंग साधा घेतलाय. संध्याकाळी टेबलापाशी बसून एक बाई पत्र वाचतेय. वातावरण शांत आणि थोडं हुरहुर लावणारं हवं. पहिला प्रॉम्प्ट सगळे लिहितात तसाच. मॉडेलांच्या प्रशिक्षणातला बराचसा मजकूर इंग्रजी असल्यामुळे प्रॉम्प्टही इंग्रजीतच ठेवलाय.

```
woman reading a letter by the window, golden hour,
rim light, soft window light, cinematic lighting
```

यातून आलेल्या चित्रात खिडकी बाईच्या मागे होती आणि खिडकीत सूर्य दिसत होता. तरीही तिचा चेहरा लख्ख उजळलेला होता. केसांच्या दोन्ही कडा चमकत होत्या. पत्राचा कागद जर्द केशरी झाला होता. चित्र ओंगळ होतं असं नाही, पण त्यात संध्याकाळ नव्हती. नुसता संध्याकाळचा रंग होता.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट न विसरता करा: सीड पक्कं करा. मॉडेल अस्ताव्यस्त ठिपक्यांच्या गोंगाटापासून सुरुवात करून पायरीपायरीने चित्र काढतं. ज्या आकड्यापासून तो सुरुवातीचा गोंगाट तयार होतो तो सीड. तो दरवेळी बदलत राहिला तर फरक तुमच्या शब्दांमुळे पडला की नशिबाने, हे कळायला मार्गच उरत नाही. दोन-तीन सीड ठरवून घ्या आणि प्रत्येक बदल त्याच सीडांवर तपासा. एका वेळी एकच बदल करा. हे कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं तर पुढचं काहीच पडताळता येत नाही.

## नावात काय काय गुंडाळलेलं असतं

गोल्डन अवर म्हणजे सूर्य क्षितिजाच्या जवळ असतानाची वेळ. छायाचित्रकार साधारणपणे सूर्य क्षितिजाच्या वर ६ अंशांपर्यंत असताना ती मोजतात. त्या वेळी किरणांना वातावरणाचा फार जाड थर तिरका कापत यावं लागतं. त्या प्रवासात निळा प्रकाश विखुरतो आणि उरलेला पिवळा-तांबूस प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे उबदार रंग हा त्या वेळेचा एक परिणाम झाला. दुसरा परिणाम म्हणजे सूर्य खाली असल्यामुळे उजेड जवळजवळ आडवा येतो आणि सावल्या लांबच लांब पडतात. सूर्य ६ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या साडेनऊपट असते. तिसऱ्या परिणामाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. उघड्यावर सावलीच्या भागाला सूर्य दिसत नाही, तिथे वरच्या आकाशाचा उजेड पोहोचतो आणि तो निळसर असतो. खऱ्या संध्याकाळी ऊन सोनेरी दिसतं ते शेजारी ही निळसर सावली असते म्हणूनच.

मॉडेलने मात्र हा शब्द चित्रांखालच्या ओळींमधून शिकलेला असतो. ‘गोल्डन अवर’ असं ज्या छायाचित्रांखाली लिहिलेलं असतं त्यांत उजेडाची दिशा दरवेळी वेगळी असते. कधी सूर्य मागे, कधी बाजूला, कधी समोर. सगळ्यांत सारखा असतो तो रंग, आणि तोही पुष्कळदा संपादन करताना आणखी गडद केलेला. त्यामुळे त्या शब्दाशी सगळ्यात घट्ट बांधला जातो तो नारिंगी रंग. दिशा आणि लांब सावली सैलच राहतात. हा शब्द चित्रातल्या एखाद्या जागेला बांधलेला नसल्याने रंग सगळीकडे पसरतो, सावलीतसुद्धा.

म्हणून पहिली परीक्षा सावलीची. चित्रातली सगळ्यात गडद सावली आणि एखादी पांढरी वस्तू, दोन्ही मोठ्या करून पाहा. दोन्हींवर एकच नारिंगी झाक असेल तर तुम्हाला उजेड मिळालेला नाही, गाळणी मिळाली आहे.

रिम लाइटचं तसं नाही, ते नाव जागेचं आहे. उजेड विषयाच्या मागे असतो, थोडा बाजूला किंवा वर, आणि कॅमेऱ्याला फक्त केसांची, खांद्याची, गालाची कड चमकलेली दिसते. ती कड दिसायला मागची पार्श्वभूमी तिच्यापेक्षा काळोखी लागते. उजळ खिडकीसमोर बसलेल्या माणसाच्या कडेची रेघ खिडकीच्या उजेडातच विरघळून जाते. आपल्या पहिल्या प्रॉम्प्टमध्ये मॉडेलने खिडकी मागे ठेवली आणि तरी कड दाखवायची म्हणून चकाकी ओढूनताणून वाढवली. कात्रीने कापल्यासारखी रेघ त्यातूनच येते.

## खरा झगडा: सोनेरी ऊन मऊ नसतं

सॉफ्ट विंडो लाइट आणि गोल्डन अवर हे शब्द इतके शेजारी शेजारी वापरले जातात की त्यांच्यात विरोध असेल असं मनातही येत नाही. इथे जरा थांबूया, कारण बहुतेक चित्रं इथेच बिघडतात.

उजेड मऊ की कडक, हे त्याच्या जोरावर ठरत नाही. ज्यावर तो पडतो तिथून पाहिलं तर उजेडाचा उगम किती मोठा दिसतो, यावर ते ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर की आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. एवढ्याशा ठिपक्यातून आलेला उजेड सावलीला धारदार कड देतो. खिडकीच्या चौकटीची सावली तीन मीटर लांबच्या भिंतीवर पडली तरी तिची कड अडीच-तीन सेंटिमीटरच धूसर होते. आता ऊन थेट येत नसलेली, एक मीटर रुंद खिडकी घ्या आणि तिच्यापासून एक मीटरवर बसा. तिथून ती पन्नासहून जास्त अंश व्यापते, म्हणजे सूर्याच्या शंभरपट रुंद. तिच्यातून येतो तो आकाशाचा उजेड. तो नाकाच्या बाजूने वळून गालावर हळूहळू मावळतो, कुठेही रेघ मारत नाही. सॉफ्ट विंडो लाइट म्हणतात तो हा.

तेव्हा थेट ऊन आत आलं तर भिंतीवर कवडसा पडतो. ऊन नसेल तर उजेड मऊ असतो, पण मग तो सोनेरी नसतो. दोन्ही एकदम मागितले की मॉडेल मधली वाट काढतं: चेहरा मऊ, रंग सोनेरी, आणि सावल्यांची दिशा कुठलीच नाही.

कवडशावरून वेळही तपासता येते, आणि ही खूण मला फार उपयोगी पडते. सूर्य ६ अंशांवर असताना खिडकीतून आत आलेला किरण दर मीटरला साधारण १० सेंटिमीटरच खाली उतरतो. चार मीटरच्या खोलीत तो समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचतो तेव्हा जेमतेम ४० सेंटिमीटर खाली आलेला असतो. म्हणजे उन्हं खरोखर कलली असतील तर कवडसा समोरच्या भिंतीवर, जवळजवळ खिडकीच्याच उंचीवर दिसतो. खिडकीशेजारच्या जमिनीवर सोनेरी चौकोन पडलेला दिसला तर सूर्य अजून वर आहे, फक्त रंग संध्याकाळचा लावलाय. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण काहीतरी बनावट आहे हे त्याला जाणवतं.

मग सोनेरी आणि मऊ हे दोन्ही एकत्र कधी मिळतं? वाटेत पातळ पडदा असेल तर. कललेलं ऊन पांढऱ्या, विरळ पडद्यावर पडलं की अख्खा पडदा उजळतो आणि तोच उजेडाचा उगम होतो. आता उगम पडद्याएवढा मोठा, म्हणून उजेड मऊ. आणि तो उन्हानेच उजळलेला, म्हणून रंग उबदार. दोन नावांतला झगडा एका वस्तूने मिटला. प्रॉम्प्टमध्ये ‘सॉफ्ट’ हा शब्द लिहिण्यापेक्षा उजेड मऊ करणारी वस्तू लिहिणं कितीतरी भरवशाचं असतं, कारण मॉडेलला वस्तू काढता येतात आणि त्यांच्यासोबत त्यांचा उजेडही येतो.

## दुरुस्ती, टप्प्याटप्प्याने

आधी प्रकाशाचे सगळे शब्द काढून टाका आणि तेच सीड चालवून चित्र पाहा.

```
A woman sits at a wooden table reading a letter.
```

मॉडेल स्वतःहून कुठला उजेड देतं ते यातून कळतं. माझ्याकडे आलं समोरून सपाट उजळलेलं, दिवसाचं चित्र. तो सपाट उजेड चेहऱ्यावर कुठून येत होता याचं उत्तर मला तिथेच मिळालं: ती मॉडेलची सवय होती. उजेडाची जागा मी सांगितली नव्हती, म्हणून सवयीचा उजेड राहिला आणि वरून नारिंगी रंग चढला.

आता एकच उगम, जागेसकट.

```
A woman sits at a wooden table reading a letter.
Thin white curtain at the left edge of the frame,
slightly behind her, glowing with low evening sun.
```

इथे ‘गोल्डन अवर’ हा शब्द मुद्दाम घेतलेला नाही. ‘लो इव्हिनिंग सन’ म्हटल्यावर वेळ, उंची आणि ऊब तिन्ही येतात, आणि त्या ओळीचं क्रियापद पडद्याला जोडलेलं असल्यामुळे ऊब बऱ्याच अंशी पडद्यापाशीच राहते. पडदा तिच्या किंचित मागे ठेवलाय तो कडेच्या उजेडासाठी. उगम मागून-बाजूने असला की केसांची आणि खांद्याची त्याच बाजूची कड आपोआप उजळते. रिम लाइट वेगळा मागायची गरजच राहत नाही, आणि कड एकाच बाजूला येते.

डाव्या-उजव्याबद्दल एक सावधगिरी. ‘तिच्या डावीकडे’ असं लिहिलं तर तिची डावी की आपली डावी, यात मॉडेल हमखास गोंधळतं. म्हणून नेहमी चौकटीची बाजू लिहा. तरीही उलट आलं तर प्रॉम्प्टशी झुंजू नका, चित्र आडवं उलटवून घ्या. चित्रात वाचता येतील अशी अक्षरं नसतील तर कुणाला कळणारही नाही.

आता चेहरा. उजेड मागून-बाजूने आला म्हणजे चेहऱ्याची आपल्याकडची बाजू सावलीत जायला हवी. ती पूर्ण काळी झाली तर भाव हरवतात, आणि समोरून उजेड लिहिला तर पुन्हा तोच सपाटपणा येतो. इथे प्रसंगच मदतीला येतो. तिच्या हातात पांढरा कागद आहे. पडद्याचा उजेड कागदावर पडून खालून तिच्या चेहऱ्यावर परततो. फोटो काढणारे लोक याच कामासाठी पांढरा बोर्ड धरतात. आपल्या चित्रात तो बोर्ड कथेचाच भाग आहे, आणि बाईचा चेहरा तिच्या पत्राने उजळतोय ही गोष्ट त्या प्रसंगाला जितकी शोभते तितकी कुठलीही तयार संज्ञा शोभणार नाही.

शेवटी पार्श्वभूमी. कड दिसायला मागे काळोख हवा आणि ऊब दिसायला शेजारी थंड रंग हवा. खोलीत दुसरी खिडकी नसेल तर सावल्यांना निळा रंग देणारं आकाश तिथे नाही. उलट पडद्याचाच उबदार उजेड भिंतींवरून परतत राहतो. म्हणून थंडपणा सावलीत न मागता मी तो भिंतीच्या रंगात लिहिला. निळसर-करड्या भिंतीला कुठलंही कारण द्यावं लागत नाही.

```
A woman sits at a wooden table reading a letter.
Thin white curtain at the left edge of the frame,
slightly behind her, glowing with low evening sun.
Warm edge on her hair and shoulder, her face in
soft shade, lifted by light off the white paper.
Dim blue-grey wall behind her.
```

या चित्रात कागद पांढरा राहिला, त्यावर नुसती पिवळसर झाक आली. केसांची एकच बाजू उजळली. हनुवटीखालची सावली जराशी हलकी झाली, म्हणजे कागदाचा परतलेला उजेड पोहोचला. ठरवलेल्या तीन सीडांपैकी दोघांत हे जमलं. तिसऱ्यात पडदा मागच्या भिंतीच्या मधोमध आला आणि भिंत उजळून गेली. असं सीड सोडून देणं बरं. चित्राची मांडणी पहिल्या काही पायऱ्यांतच ठरून जाते, आणि ती एकदा विरोधात गेली की शब्दांनी क्वचितच वळते.

लांबीकडेही लक्ष असू द्या. स्टेबल डिफ्युजन १.५ सारख्या जुन्या मॉडेलांचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, घेतो. त्यांतली दोन सुरुवात आणि शेवटाच्या खुणांना जातात, म्हणजे तुमच्या हाती ७५ उरतात. वरचा प्रॉम्प्ट त्यात बसतो. तुम्ही प्रसंगाचं लांबलचक वर्णन करून प्रकाश शेवटी लिहीत असाल तर तो मर्यादेबाहेर जाऊन कापला जाण्याची शक्यता असते, किंवा काही साधनांत मजकुराचे तुकडे होऊन तो पुढच्या तुकड्यात ढकलला जातो. फ्लक्ससारखी नंतरची मॉडेलं लांब वाक्यं आणि त्यांतले संबंध बरेच चांगले समजतात. जुन्या मॉडेलला ‘कागदावरून परतलेला उजेड’ हे नातं धडपणे कळत नाही, तिथे तो परिणाम योगायोगानेच मिळतो.

## तरीही नारिंगीच येत असेल तर

आधी ‘सिनेमॅटिक’ हा शब्द आणि त्याचे भाऊबंद शोधून काढा. त्याच्याबरोबर नारिंगी त्वचा आणि निळ्या-हिरव्या सावल्यांची एक ठरलेली रंगसंगती येते आणि ती तुमच्या उजेडावर कुरघोडी करते. मी तो शब्द वापरणं पूर्ण बंद केलंय आणि त्याची उणीव एकदाही भासली नाही.

त्यानंतर गाइडन्सचा आकडा पाहा, साधनांत तो बहुधा `CFG scale` या नावाने दिसतो. मॉडेलने प्रॉम्प्टला किती घट्ट धरून चालायचं ते तो ठरवतो. तो १२-१५ पर्यंत चढवला की रंग भडक होतात, उजेडाचे भाग जळतात, आणि उबदार शब्दांचं लालभडक होतं. स्टेबल डिफ्युजनच्या घरातल्या मॉडेलांवर मी आधी ५ ते ६ पर्यंत उतरवतो आणि मगच शब्दांना हात लावतो. आकड्यांची ही पट्टी दुसऱ्या घराण्यातल्या मॉडेलांना जशीच्या तशी लागू होत नाही.

‘गोल्डन अवर’ हा शब्द हवाच असेल, आणि मोकळ्या मैदानातल्या चित्रात तो खरंच उपयोगी पडतो, तर त्याचं वजन कमी करा. अनेक साधनांत ते असं लिहितात:

```
(golden hour:0.6), long shadows across the grass
toward the camera, cool blue shade
```

सावल्या कॅमेऱ्याकडे येतायत असं लिहिलं की सूर्य मागे हे आपसूक ठरतं. सूर्य कुठे आहे हे सांगण्यापेक्षा सावली कुठे पडलीय हे सांगणं बरेचदा जास्त लागू पडतं. सूर्याचं नाव घेतलं की मॉडेल सूर्यच काढून दाखवतं, आणि मग सगळं लक्ष त्या गोळ्याकडे जातं.

नकार लिहिण्याचंही तसंच. प्रॉम्प्टमध्ये `no lamp` लिहिलं की खोलीत दिवा येण्याची शक्यता वाढते, कारण मॉडेलला ‘नाही’पेक्षा ‘दिवा’ स्पष्ट ऐकू येतो. नको त्या गोष्टी लिहायला वेगळा निगेटिव्ह प्रॉम्प्ट असेल तर दिवा तिथे टाका, नसेल तर त्याचं नावच काढू नका. आपल्या चित्रात मी खिडकी हा शब्द गाळून फक्त पडदा लिहिला तो याचसाठी. खिडकी लिहिली असती तर ती मधोमध येऊन बसली असती.

## काळोख होतच नाही, हे वेगळं दुखणं

तिन्हीसांजेचं चित्र हवं असतं, खोली खरोखर अंधारलेली आणि एकच उजळ कड. तुम्ही ‘डार्क’, ‘व्हेरी डार्क’, ‘डीप शॅडोज’ लिहीत राहता आणि चित्र मध्यम उजेडाचंच येत राहतं. इथे दोष तुमच्या शब्दांत नसू शकतो. स्टेबल डिफ्युजनच्या सुरुवातीच्या मॉडेलांना शिकवताना चित्रावर गोंगाट चढवत नेत, पण शेवटच्या पायरीवरही मूळ चित्राच्या सरासरी उजेडाचा थोडा अंश शिल्लक राहत असे. मॉडेल त्या अंशावर विसंबायला शिकलं. आपण चित्र काढायला लावतो तेव्हा सुरुवात शुद्ध गोंगाटापासून होते, त्याची सरासरी मध्यम करडी असते, आणि मॉडेल ती सरासरी टिकवून ठेवतं. एका कोपऱ्यात काळोख केला की ते दुसरा कोपरा उजळून हिशेब जुळवतं. २०२३ मध्ये यावर गोंगाटालाच थोडं सरकवण्याचा उपाय पुढे आला, ऑफसेट नॉइज नावाचा, आणि स्टेबल डिफ्युजनच्याच पुढच्या एसडीएक्सएल या मॉडेलच्या प्रशिक्षणात तो वापरला गेला. तिथे काळोख बराच खरा येतो.

जुनं मॉडेल वापरायचंच असेल तर शब्द सोडा आणि उजेडाचं चित्र द्या. कुठल्याही साध्या चित्रकलेच्या साधनात काळी पाटी घ्या, डाव्या कडेला एक उबदार पिवळसर उभा पट्टा मऊ ब्रशने ओढा, मधोमध पत्र येईल तिथे फिकट ठिपका ठेवा, बाकी सगळं काळोखं-करडं. हे चित्र-ते-चित्र पद्धतीत सुरुवातीचं चित्र म्हणून टाका आणि प्रॉम्प्ट वरचाच ठेवा. बदलाचं प्रमाण, म्हणजे `Denoising strength`, ०.७ ते ०.८च्या आसपास धरून पाहा. ते खूप कमी ठेवलं तर पट्टा पट्टाच राहतो, बाई उमटत नाही. १च्या जवळ नेलं तर तुमचा काळोख पुसला जातो आणि पुन्हा तीच मध्यम करडी सरासरी येते. हा पट्टा काढायला दोन मिनिटं लागतात, आणि जिथे वीस विशेषणं हरली तिथे तो काम करतो.

## चित्र बरोबर आलंय हे ओळखायचं कसं

चित्र कृष्णधवल करून पाहा. रंग गेल्यावरही ते संध्याकाळचं वाटतं का? पडद्याची कड, केस आणि कागद सोडून बाकी सगळं खाली बसलेलं दिसलं तर उजेड खरा आहे. रंग काढताच ते दुपारच्या ऑफिससारखं दिसू लागलं तर तुमची संध्याकाळ फक्त रंगात होती.

मग डोळे मोठे करून पाहा. बाहुल्यांतली चमक एका बाजूला, एकच आणि पडद्यासारखी उभट असायला हवी. दोन्ही डोळ्यांत दोन-दोन गोल ठिपके दिसले तर मॉडेलने लपूनछपून स्टुडिओचे दिवे लावलेत. आपल्या चित्रात ती खाली पत्राकडे पाहतेय, त्यामुळे चमक नसली तरी ती चूक नव्हे. अशा वेळी नाकाची सावली पाहावी. ती पडद्याच्या उलट बाजूला झुकली पाहिजे. नाकाची सावली सरळ ओठांवर उतरत असेल तर उजेड समोरून-वरून येतोय, मागची कड कितीही सुंदर असो.

एकदा हे जमलं की भाव बदलण्यासाठी नवी नावं लागत नाहीत. त्याच प्रॉम्प्टमध्ये मी फक्त शेवटची ओळ बदलून पाहिली. मागची भिंत फिकट, उजळ केली तर तीच बाई निवांत दिसू लागली, जणू ओळखीच्या माणसाचं पत्र आलंय. भिंत जवळजवळ काळी केली आणि कागदाचा उजेड तेवढाच ठेवला, तर पत्रात काहीतरी जड आहे असं वाटलं. पडदा, ऊन, तिची बसण्याची पद्धत यांतलं काहीच बदललं नव्हतं. उजळ आणि काळोख्या भागांतलं अंतर वाढलं, एवढंच.

एक मर्यादा मात्र कुठल्याही वर्णनाने ओलांडता आलेली नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि संध्याकाळचं कललेलं ऊन चित्रात जवळपास सारखंच दिसतं. सूर्याची उंची तीच, रंग तोच. सकाळ हवी असेल तर ती उजेडात शोधू नका, वस्तूंमध्ये ठेवा: अंथरूण अजून विस्कटलेलं, खिडकीच्या काचेवर दव, बाईचे केस अजून न विंचरलेले.